दुबईत राहून पुण्याची कामे: करासाठी तुम्ही नेमक्या कुठल्या?

प्रश्न : मी मोबाइल ॲप बनवणारी फ्रीलान्स प्रोग्रामर आहे. २० ऑगस्ट २०२५ रोजी पुणे सोडून नवऱ्याच्या व्हिसावर दुबईला आले, नोव्हेंबरात स्वतःचे फ्रीलान्स परमिट काढले. दोन्ही क्लायंट भारतातलेच : पुण्याची कंपनी महिना दीड लाख देते, बेंगळुरूची पन्नास हजार. कोथरूडच्या माझ्या फ्लॅटमध्ये आतेभाऊ बसून टेस्टिंग करतो, जीएसटीची बिलेही अजून त्याच पत्त्यावरून जातात. मार्चचे काम मी ३१ तारखेला रात्री सव्वाअकराला अपलोड केले. भारतात तेव्हा १ एप्रिल उजाडला होता. पुण्याच्या कंपनीचा अकाउंट्स विभाग म्हणतो, उशीर झाला म्हणून दहा टक्के कापणार, शिवाय बिल एप्रिलचे आणि तुम्ही एनआरआय, म्हणून टीडीएस २०.८ टक्के. नाहीतर वडिलांच्या खात्यावर पैसे घ्या, असेही सुचवले. मी एनआरआय आहे ना? मग मला भारतात कर का?

उत्तर : २०२५-२६ या वर्षापुरते सांगायचे तर आयकराच्या दृष्टीने तुम्ही एनआरआय नाही. निवासी आहात. विमानात बसल्याने किंवा पासपोर्टवर व्हिसा चिकटल्याने आयकराचा दर्जा बदलत नाही, तो दिवस मोजून ठरतो. १ एप्रिल ते २० ऑगस्ट हे १४२ दिवस होतात. आयकर कायद्याच्या कलम ६ प्रमाणे एखादी व्यक्ती वर्षात १८२ दिवस भारतात असेल तर निवासी. त्याशिवाय दुसरी एक कसोटी आहे : वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहणाराही निवासीच. तुम्ही आधीची चारही वर्षे पुण्यात होतात, तेव्हा या दुसऱ्या कसोटीत अडकता.

यातून सुटायची एक वाट आहे. जो भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडतो, त्याला त्या वर्षी ६० ऐवजी १८२ दिवसांची मुभा मिळते. ‘नोकरी’त स्वतःचा व्यवसायही येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने अब्दुल रझाक प्रकरणात म्हटले आहे, आणि फ्रीलान्सर मंडळी त्याचाच आधार घेतात. पण तुम्ही निघालात नवऱ्याच्या व्हिसावर, कुटुंबाबरोबर राहायला. परमिट आले तीन महिन्यांनी. ‘मी व्यवसायासाठीच गेले’ हे सिद्ध करायला ऑगस्टमधला एखादा कागद हवा : परमिटचा अर्ज, क्लायंटला लिहिलेले पत्र, काहीतरी. तो नसेल तर या वाटेने जाऊ नका.

आणि खरे सांगू का, जाण्याची गरजही नाही. आकडे मांडून पाहा. वर्षाची बिले २४ लाख, जीएसटी वगळून. निवासी व्यावसायिकाला कलम ४४एडीए मध्ये निम्मी रक्कम नफा धरून विवरणपत्र भरता येते, म्हणजे १२ लाख. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला पूर्ण सवलत आहे, त्यामुळे कर शून्य. बँकेचे थोडे व्याज आले आणि उत्पन्न १२ लाखांच्या जरासे वर गेले, तर कर त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त लागत नाही. क्लायंटनी निवासी म्हणून दहा टक्के कापले असतील तर ते २,४०,००० रुपये परत मिळतात. ही सवलत आणि ४४एडीए दोन्ही अनिवासीला नाहीत. एनआरआय म्हणवून घेण्याच्या हौसेपायी हे सोडू नका. मात्र खरा नफा निम्म्याहून जास्त असेल आणि तुम्ही तसे हिशेब ठेवले असतील, तर ते बाजूला सारून निम्मा दाखवणे मी सुचवणार नाही.

निवासी असण्याची एक जबाबदारी मात्र आहे आणि ती हमखास विसरली जाते. तुम्ही दुबईत बँक खाते उघडले असणार. निवासी व्यक्तीला परदेशातले खाते विवरणपत्राच्या ‘एफए’ परिशिष्टात दाखवावे लागते, त्यात पैसे थोडे असले तरी. तिथे हिशेब एप्रिल-मार्चचा नाही, कॅलेंडर वर्षाचा असतो. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचे खाते या विवरणपत्रात यायला हवे. काळ्या पैशाच्या कायद्यात हे न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. जमीन-घर सोडून परदेशातल्या मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागत नाही, पण म्हणून रकाना कोरा ठेवू नका. परदेशी खाते असलेल्याला सोपा आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. हे तुमच्या सीएला आधीच सांगा.

आता बँकेकडे वळतो, कारण तिथे कायदा दुसरा आहे आणि उत्तरही दुसरे. परकीय चलनाचा कायदा, फेमा, दिवस कमी पाहतो, हेतू जास्त पाहतो. जो माणूस नोकरी-व्यवसायासाठी किंवा किती काळ राहणार हे ठरलेले नसताना देश सोडतो, तो निघाल्यापासून फेमाखाली अनिवासी. म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून तुम्ही आयकरासाठी निवासी आणि फेमासाठी अनिवासी, दोन्ही एकाच वेळी. यात विसंगती नाही, दोन कायदे दोन वेगळ्या गोष्टी विचारतात. व्यवहारात याचा अर्थ असा की पुण्यातले जुने बचत खाते तसेच वापरता येत नाही. ते एनआरओ करून घ्या. क्लायंटचे रुपये एनआरओमध्ये येऊ शकतात आणि तिथून कर भागवून दुबईला पाठवताही येतात. एनआरई खाते बाहेरून येणाऱ्या पैशांसाठी, त्यात पुण्याच्या कंपनीकडून एनईएफटी मागू नका.

यापुढे मात्र मी तुमच्या जागी असतो तर पैसे थेट दुबईच्या खात्यात घेतले असते. अनिवासीला भारतात ‘मिळालेले’ उत्पन्न, केवळ ते इथे मिळाले म्हणून, भारतात करपात्र ठरते. पुढे दुहेरी कर टाळण्यासाठीच्या भारत-युएई कराराचा आधार घ्यायचाच आहे, तर आणखी एक वाद कशाला ओढवून घ्यायचा? कंपनीने आपल्या बँकेमार्फत बिलाची प्रत आणि आयकराची घोषणापत्रे (आजवरची १५सीए आणि १५सीबी, नव्या कायद्यात त्यांचे क्रमांक बदलले आहेत) देऊन रक्कम पाठवायची. वर्षात पाच लाखांच्या वर करपात्र रक्कम गेली की कंपनीला सीएचे प्रमाणपत्र लागते. कंपनी कुरकुर करते ती याच खर्चावरून. त्याची फी तुम्ही सोसायची तयारी दाखवलीत तर निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

वडिलांच्या खात्याचा विचार मनातून काढून टाका. उत्पन्न तुमचेच राहते, पैसे मात्र त्यांच्या पॅनवर दिसतात, आणि उद्या नोटीस त्यांना जाते. शिवाय अनिवासी व्यक्तीच्या वतीने भारतात दुसऱ्याच्या खात्यावर पैसे वळवणे फेमाच्या कलम ३ मध्ये बसत नाही, आणि दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. सुचवणारा अकाउंटंट तेव्हा साक्षीला येणार नाही.

आता २०२६-२७, जे तुमचे खरे अनिवासी वर्ष. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. अनिवासीला पैसे देताना टीडीएसचे जुने कलम १९५ आता ३९३ मध्ये गेले आहे, पण तत्त्व तेच. कंपनी २०.८ टक्के म्हणते ते उगाच नाही. परदेशात बसलेल्याने भारतातल्या कंपनीला तांत्रिक सेवा दिली आणि कंपनीने ती भारतातल्या धंद्यासाठी वापरली, तर ते शुल्क भारतातच निर्माण झाले असे कायदा मानतो. तुम्ही कोडचा एक शब्दही भारतात बसून लिहिला नसेल तरी. त्यावर २० टक्के कर आणि ४ टक्के उपकर. दीड लाखाच्या बिलातून महिन्याला ३१,२०० रुपये जातील, वर्षाचे ३,७४,४००.

इथे भारत-युएई करार कामाला येतो. या करारात तांत्रिक शुल्कावर वेगळा कर लावणारे कलमच नाही. इतर अनेक देशांशी असलेल्या करारांत ते आहे, त्यामुळे जर्मनीतून असेच काम करणाऱ्याचे दहा टक्के कापले जातात हे खरे, पण ते तुम्हाला लागू नाही. तुमचे काम कलम १४ मध्ये, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक सेवांत बसते. इंजिनिअरचे स्वतंत्र काम त्यात नावाने आहे. तिथे नियम असा की उत्पन्नावर कर फक्त युएईत, जोवर भारतात तुम्हाला नियमित उपलब्ध असे ‘ठराविक ठिकाण’ नाही आणि तुमचा भारतातला मुक्काम त्या वर्षी १८३ दिवसांपर्यंत पोचत नाही. युएईत व्यक्तीच्या व्यवसायाला कर लागतो तो वर्षाची उलाढाल दहा लाख दिरहमच्या वर गेली की, आणि तुम्ही त्याच्या कितीतरी खाली आहात. म्हणजे कर ना इथे, ना तिथे.

हे मिळवायला युएईच्या फेडरल टॅक्स अथॉरिटीचे कर-निवास प्रमाणपत्र लागते, आणि ते कराराच्या कामासाठी, भारताचे नाव घालून मागायचे असते. करारात युएईचा निवासी म्हणजे त्या कॅलेंडर वर्षात किमान १८३ दिवस तिथे असलेला. २१ ऑगस्टपासून धरले तर २०२५ मध्ये तुमचे १३३ दिवसच भरतात. २०२६ मध्ये कुठेही न जाता राहिलात तर १८३ वा दिवस २ जुलैला येतो. त्याआधी कराराच्या कामाचे प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय कंपनीचा सीए करार लावणार नाही. त्याचे चूक नाही : टीडीएस कापला नाही आणि कापायला हवा होता असे ठरले, तर कंपनीला तो खर्चच नामंजूर होतो. तेव्हा एप्रिल ते जूनच्या बिलांवर कापणी होऊ द्या आणि विवरणपत्रात परतावा मागा. जुलैत अर्ज करा. पासपोर्ट, एमिरेट्स आयडी, इजारी नोंदलेला भाडेकरार, बँकेची पत्रके आणि प्रवेश-निर्गमनाचा अहवाल हे आताच गोळा करून ठेवा. भाडेकरार एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यात तुमचेही नाव घालून घ्या.

आता तुमच्या प्रश्नातला खरा धोका, जो तुम्ही ओझरता लिहिला आहे. तो म्हणजे कोथरूडचा फ्लॅट.

फ्लॅट तुमचा, त्यात तुमच्या कामाचा माणूस रोज बसतो, जीएसटी नोंदणीचा पत्ता तोच, बिलावरही तोच. आयकर अधिकाऱ्याला ‘ठराविक ठिकाण’ दाखवायला आणखी काय हवे? त्या ठिकाणाच्या वाट्याचे उत्पन्न मग भारतात करपात्र. तुम्ही दुबईहून जमवलेला सगळा युक्तिवाद एका वीजबिलापुढे लंगडा पडतो.

याच फ्लॅटमुळे आणखी एक गोष्ट अंगावर येते. परदेशी स्रोताचे सोडून तुमचे बाकी उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर दोन परिणाम होतात. एक, भारतात भेटीला आल्यावर १८२ नव्हे, १२० दिवसांतच तुम्ही निवासी होता, कारण मागच्या चार वर्षांचे ३६५ दिवस तुमचे केव्हाच भरले आहेत. दोन, ज्या भारतीय नागरिकाला दुसऱ्या कुठल्याच देशात निवासामुळे कर लागू होत नाही, त्याला कायदा एक दिवसही भारतात न येता निवासी मानतो. तुमचे २४ लाख भारतीय क्लायंटकडूनच येतात, आणि वर सांगितलेल्या नियमाने ते भारतात निर्माण झालेले. दुबईत तुमच्यावर आयकर नाही. अधिकारी हे कलम तुमच्यावर लावू पाहील, हे गृहीत धरूनच तयारी करा.

तसे झाले तरी संपूर्ण जगाच्या उत्पन्नावर कर लागत नाही, फक्त भारतातले आणि भारतात उभारलेल्या व्यवसायाचे उत्पन्न धरले जाते. पण ‘भारतात उभारलेला व्यवसाय’ हे शब्द तुमच्यासारख्यांच्या मुळावर येतात. उद्या तुम्हाला दुबईचा क्लायंट मिळाला तर त्याचे पैसेसुद्धा ‘कोथरूडच्या व्यवसायाचे’ म्हणून मोजायला अधिकारी मोकळा. फेब्रुवारी २०२० मध्ये ही तरतूद आली तेव्हा आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांना सरकारने खुलासा करून धीर दिला होता, पण त्या खुलाशातही भारतीय धंद्या-व्यवसायाच्या उत्पन्नाला सूट नव्हतीच.

दोन्ही देशांत निवासी ठरलात तर करार आधी पाहतो कायमचे घर कुठे आहे. दुबईत भाड्याचे घर आणि पुण्यात रिकामा, हवा तेव्हा वापरता येणारा फ्लॅट, म्हणजे दोन्हीकडे घर, आणि मग नातीगोती, पैसा, व्यवसाय यांचे केंद्र कुठे यावर वाद. फ्लॅट परक्या भाडेकरूला नोंदणीकृत कराराने दिला, तर पुण्यात तुमच्या हाताशी घरच उरत नाही आणि पारडे दुबईकडे झुकते. म्हणून माझा सल्ला सरळ आहे : आतेभावाने आपल्या घरून, आपल्या नावाने काम करावे आणि टेस्टिंगचे बिल थेट कंपनीला द्यावे. फ्लॅट भाड्याने द्या. भाडे भारतात करपात्र राहील आणि भाडेकरूला टीडीएस कापावा लागेल, पण ती किंमत मोठी नाही.

त्याबरोबर महाराष्ट्रातली जीएसटी नोंदणीही रद्द करा. तुम्ही दुबईहून सेवा दिलीत की पुण्याच्या कंपनीसाठी ती आयात ठरते, जीएसटी कंपनी स्वतः भरते आणि तिला त्याचे क्रेडिट मिळते. तुमच्या बिलावर जीएसटी यायलाच नको. नवे बिल दुबईच्या पत्त्याचे, परमिटचा क्रमांक घातलेले, दिरहम किंवा डॉलरमध्ये. भारतात याल तेव्हा दिवसांची वही ठेवा, येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरा (निकाल दोन्ही बाजूंनी आहेत, पण कडेवर चालायचे कशाला), आणि ११० च्या पुढे जाऊ नका. वडिलांच्या आजारपणासारखा प्रसंग आला तर तेवढी सैल जागा हवी.

उरले सव्वाअकराचे अपलोड. युएई भारताच्या दीड तास मागे, म्हणजे पुण्यात पाऊण वाजला होता. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मजकूर समोरच्याच्या ठरलेल्या यंत्रणेत शिरला की पोचला, आणि तो पोचतो समोरच्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी. तेव्हा करारात वेळ कुठली हे लिहिले नसेल तर पुण्याचे घड्याळ चालेल. दुबईत अजून ३१ तारीख होती, हा मुद्दा टिकणार नाही. पण पाऊण तासासाठी पंधरा हजार कापण्याचा हक्क कंपनीला आपोआप मिळत नाही. करारात कपातीचे कलम नसेल तर कापता येत नाही. असले, तरी करार कायद्याचे कलम ७४ वाजवी भरपाईच देते, आणि लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. नुकसान काय झाले ते लेखी विचारा. ॲप त्या रात्री बाजारात यायचे होते का? नसेल तर उत्तर येणार नाही.

कराच्या बाजूने कंपनीचे म्हणणे आणखी कच्चे आहे. तुमचे मासिक मानधन मार्चच्या कामाचे. ते अपलोडच्या मिनिटाने एप्रिलचे होत नाही. मार्चचा महिना काम केलेत आणि मार्चचे पैसे घेणे झाले. कंपनीने ते ३१ मार्चला आपल्या पुस्तकात खर्च म्हणून धरले असेलच, वर्षअखेरीस सगळेच धरतात. टीडीएस जमा-नोंद किंवा पेमेंट यांपैकी जे आधी, तेव्हा लागतो. त्या दिवशी तुम्ही निवासी, म्हणून दर दहा टक्के : ३१,२०० नव्हे, १५,०००. त्यांच्याकडून त्या खर्चनोंदीची तारीख ई-मेलवर मागवा, आणि हे बिल तुमच्या २०२५-२६ च्या २४ लाखांतच दाखवा, म्हणजे फॉर्म २६एएसशी जुळेल.

पुढच्या करारात एक वाक्य घाला : ‘सर्व मुदती भारतीय प्रमाणवेळेनुसार त्या दिवशी रात्री १२ वाजेपर्यंत, मुदतीनंतर २४ तासांपर्यंत कपात नाही, मानधन ज्या महिन्याच्या कामाचे त्याच महिन्याचे धरले जाईल.’ कंपनीच्या सहीआधी बेंगळुरूच्या क्लायंटकडूनही हेच वाक्य मंजूर करून घ्या, म्हणजे पुण्याच्या अकाउंट्स विभागाला ते नवीन वाटणार नाही.